तीस घरांत बसवलेला एसी

फेब्रुवारी सरत आला की अकोल्यात दुपारचा पंखा पुरेनासा होतो. गच्चीवरचे कूलर खाली येतात, त्यांच्या ताट्या बदलायला लोक बाजारात निघतात आणि एखाद्या घरात रात्री जेवताना विषय निघतो, की यंदा एसी घेऊनच टाकू. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल उघडून टाइप करतं: `1.5 ton ac price akola`. समोर उत्तरांची यादी येते. तिच्यात सगळ्यात वर, ‘प्रायोजित’ अशा छोट्या अक्षरांखाली, दोन-तीन ओळींचा मजकूर असतो. चित्र नाही, रंग नाही, गाणं नाही. नुसते शब्द, आणि तेही मोजून दिलेले. तो मजकूर लिहिताना नेमकं काय करावं लागतं, ते सांगायचं आहे.

गूगलच्या शोधात दिसणाऱ्या या जाहिरातीचे मुख्य भाग दोन. ठळक निळ्या अक्षरांतलं शीर्षक आणि त्याखालचं वर्णन. एका शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, एका वर्णनाला ९० अक्षरांची. शिवाय पत्त्याच्या शेपटीला जोडायला १५-१५ अक्षरांचे दोन तुकडे मिळतात, तिथे ‘एसी-सेल’ आणि ‘अकोला’ असं लिहिता येतं. ही मापं सुरुवातीपासूनची नाहीत. २००० सालच्या ऑक्टोबरात ही सेवा सुरू झाली तेव्हा शीर्षकाला २५ आणि खालच्या दोन ओळींना ३५-३५ अक्षरं होती. २०१६ मध्ये उजव्या बाजूच्या पट्टीतल्या जाहिराती गेल्या आणि त्याच वर्षी मजकुराची जागा वाढली. मोठा बदल त्यानंतरचा आहे. जून २०२२ संपल्यापासून दुकानदाराला ‘हीच माझी जाहिरात, अशीच दाखवा’ असं सांगून नवी जाहिरात बनवता येत नाही. तो १५ पर्यंत शीर्षकं आणि ४ पर्यंत वर्णनं देतो. त्यातली कुठली, कुठल्या क्रमाने, कुणाला दाखवायची हे यंत्रणा त्या क्षणी ठरवते. बहुतेक वेळा दोन किंवा तीन शीर्षकं शेजारीशेजारी दिसतात, कधी एकच दिसतं.

हिशेब नीट कळावा म्हणून अकोल्यातलं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. त्याचा सेल १ मार्च २०२६ ला सुरू होतो आणि १९ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, संपतो. मालकाकडे दीड टनाचे, ३ स्टारचे ४० स्प्लिट एसी आहेत. आतापर्यंत तो ते ₹४०,९९० ला विकत होता, सेलमध्ये ₹३६,९९० ला देणार आहे. दोन टनाचा एसी ₹४९,९९० ला आहे. बसवण्याचे पैसे तो घेणार नाही, पण तांब्याची नळी तीन मीटरपर्यंतच देणार आहे. त्याने हौसेने पहिलं शीर्षक लिहून आणलं आहे:

गुढीपाडव्यानिमित्त एसीवर भव्य सवलत

आपल्या डोळ्यांनी मोजलं तर ही १८ अक्षरं होतात. तीन मोकळ्या जागा धरून २१. म्हणजे ३० च्या आत आरामात बसायला हवं. पण यंत्र म्हणतं, ३४ झाली, चार जास्त आहेत.

याचं कारण आपल्या लिपीतच आहे. आपण ‘गु’ हे एक अक्षर म्हणतो. संगणकाच्या लेखी ते दोन चिन्हं आहेत: ग आणि उकार. युनिकोडमध्ये प्रत्येक काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना स्वतंत्र जागा दिलेली आहे, आणि जोडाक्षर तर पाय मोडल्याच्या खुणेसकट लिहिलं जातं. म्हणून ‘त्त’ म्हणजे त, पायमोड आणि पुन्हा त, अशी तीन घरं. ‘व्या’ची चार. ‘गुढीपाडव्यानिमित्त’ हा शब्द उच्चारताना आठ अक्षरांचा वाटतो, मोजणीत तो १८ घरं खातो. अर्ध्याहून जास्त शीर्षक एका शब्दात संपलं, आणि त्यातून ग्राहकाला अजून काहीच कळलेलं नाही.

घरं मोजायला वेगळं काही लागत नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात शीर्षकं लिहावीत आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र द्यावं:

```
=LEN(A2)
```

तिथे येणारा आकडा ३० च्या आत हवा. मराठीत इथे एक खास फसगत होते. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला तो अर्धा, आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात त्या शब्दाची सात घरं होतात. दुसऱ्या प्रकारात अधे एक न दिसणारं जोडचिन्ह येऊन बसतं आणि तोच शब्द सूत्रात आठ घरांचा होतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. वेगवेगळ्या कळफलकांवरून आलेला मजकूर एकत्र केला की एका घराचा हिशेब का जुळत नाही, याचं उत्तर पुष्कळदा हे असतं. तो शब्द पुसून एकाच कळफलकाने पुन्हा लिहावा.

एकदा घरं दिसू लागली की शब्दांची निवड बदलते, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे जुने, छोटे, बोलण्यातले मराठी शब्द कामाला येतात. ‘डिस्काउंट’ला नऊ घरं लागतात, ‘सूट’ला तीन. ‘एअर कंडिशनर’ला मधल्या जागेसकट अकरा, ‘एसी’ला तीन, आणि शोधणारी माणसंही एसीच म्हणतात. ‘इन्स्टॉलेशन’ अकरा घरांचं, ‘बसवणे’ पाच घरांचं. मराठीत लिहिलं की जागा पुरत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती जोडाक्षरांनी भरलेल्या, पत्रकी मराठीबद्दल खरी आहे. गिऱ्हाइकाशी काउंटरवर जसं बोलतो तसं लिहिलं, तर बहुतेक वेळा जागा उरते.

मालकाची ओळ आता अशी होते: ‘पाडव्याला एसीवर सूट’. १९ घरं. अर्थ तोच, आणि हातात ११ घरं शिल्लक. त्यात ‘भव्य’ परत आणायचं का? माझं मत ठाम आहे, की नाही. भव्य म्हणजे किती, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि शेजारच्या प्रत्येक दुकानाची सवलतही भव्यच असते. त्या जागी आकडा येऊ दे: ‘पाडव्याला एसीवर ₹४,००० सूट’. २६ घरं. मात्र हे चार हजार कुठून मोजले ते खरं असलं पाहिजे. हे दुकान कालपर्यंत ₹४०,९९० ला विकत होतं, म्हणून चार हजार हा प्रामाणिक आकडा आहे. खोक्यावरच्या छापील किमतीतून वजाबाकी केली तर सूट कितीतरी मोठी दिसेल, पण त्या छापील किमतीला तो एसी गेल्या आठवड्यातही कुणी घेत नव्हतं. शिवाय जाहिरातीतली सूट ग्राहक जिथे पोहोचतो त्या पानावर सहज सापडली पाहिजे, असा गूगलचा नियम आहे. पानावर ती नसेल तर जाहिरात नामंजूर होऊ शकते.

आता दुसऱ्या अडचणीकडे येऊ. ही अक्षरमोजणीपेक्षा जास्त पैसे बुडवते आणि पटकन लक्षातही येत नाही. मालकाने उत्साहाने आणखी शीर्षकं दिली. त्यातलं एक होतं ‘फक्त ₹३६,९९० मध्ये’, १८ घरांचं. दुसरं ‘मोठ्या हॉलसाठी २ टन एसी’, २३ घरांचं. दोन्ही मर्यादेत आहेत, दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. त्याच्या मनात पहिलं शीर्षक ‘दीड टनाचा एसी’ या शीर्षकाच्या मागे येणार होतं, कारण कागदावर त्याने ती तशी एकाखाली एक लिहिली होती. पण यंत्रणेला तो कागद दिसत नाही. पंधरा शीर्षकांतून तीन आणि चार वर्णनांतून दोन, क्रम धरून, अशा ३२,७६० जुळण्या होऊ शकतात. त्यातली एक अशी निघते:

मोठ्या हॉलसाठी २ टन एसी | फक्त ₹३६,९९० मध्ये

पन्नास हजारांचा एसी सदतीस हजारांत! अशी जाहिरात कुणी लिहिली नाही, तरी ती दुकानाच्या नावाने हजारो लोकांना दिसू शकते. माणूस त्यावर बोट ठेवतो, त्या स्पर्शाचे पैसे दुकानाच्या खात्यातून जातात, पानावर त्याला ₹४९,९९० दिसतात आणि तो निघून जातो. गेला नाही आणि भर उन्हात दुकानात आला, तर काउंटरवर भांडण होतं, आणि त्या भांडणात चूक दुकानाची असते.

म्हणून या लिखाणाचा पहिला नियम असा, की प्रत्येक शीर्षक एकट्याने उभं राहिलं पाहिजे. ज्या वाक्याला अर्थासाठी शेजारी लागतो, ते वाक्य इथे चालत नाही. किंमत लिहायची तर वस्तूही त्याच तीस घरांत हवी. ‘१.५ टन एसी ₹३६,९९० पासून’ हे २४ घरांत बसतं. कुणाच्याही शेजारी बसवा, खोटं होत नाही. ‘अकोल्यात १.५ टन स्प्लिट एसी’ २७ घरांत बसतं. ‘पाडव्याआधी एसी बसवून देऊ’ २४ घरांत, आणि हे मला किमतीइतकंच मोलाचं वाटतं, कारण मार्चमध्ये एसी घेणाऱ्याची खरी धास्ती बसवणारा माणूस कधी येईल ही असते. पण ते लिहिण्याआधी मालकाला विचारावं लागतं: तुमच्याकडे बसवणाऱ्या माणसांच्या जोड्या किती, एक जोडी दिवसाला किती एसी बसवते? एका जोडीकडून दिवसाला तीन होत असतील आणि शेवटच्या दोन दिवसांत वीस विकले गेले, तर हे शीर्षक १७ तारखेलाच काढून ठेवायला हवं.

शीर्षकं तपासायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. प्रत्येक शीर्षक वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या उलट्या करून मिसळायच्या आणि तीन-तीन उचलून मोठ्याने वाचायच्या. वीस-पंचवीस वेळा उचललं की घोळ घालणारी जोडी कानाला टोचते. ‘पाडव्याला एसीवर ₹४,००० सूट’ दोन टनाच्या शेजारी आलं तर काय? दोन टनाच्या एसीवरही चार हजारांची सूट असेल तर ठीक. नसेल तर शीर्षक ‘१.५ टन एसीवर ₹४,००० सूट’ असं हवं, आणि तसं लिहिलं तर पाडवा दुसऱ्या शीर्षकात न्यावा लागतो. असं एकेक करत मालकाच्या पंधरा शीर्षकांतली नऊ उरली. यंत्रणेच्या पडद्यावर जाहिरातीची ताकद दाखवणारा एक काटा असतो. शीर्षकं कमी दिली की तो खाली येतो आणि आणखी भरा म्हणून सुचवत राहतो. तो काटा विविधता मोजतो. ओळी खऱ्या आहेत का, दुकानाला त्या पाळता येतील का, हे त्याला कळत नाही. काटा वर न्यायला म्हणून भरलेली शीर्षकंच पुढे नडतात.

आता ‘मोफत’ या शब्दाकडे. मालकाला शीर्षकात ‘मोफत इन्स्टॉलेशन’ हवं होतं. १६ घरं, सहज बसतं. पण एसी बसवताना पैसे कशाकशाचे लागतात? आतलं आणि बाहेरचं यंत्र जोडणारी तांब्याची नळी लागते. बाहेरचं यंत्र भिंतीवर टांगायला लोखंडी स्टँड लागतो. भिंतीला भोक पाडावं लागतं. अकोल्यातल्या जुन्या घरात बाहेरचं यंत्र गच्चीवर ठेवायचं ठरलं की नळी तीन मीटरवरून सहज सात-आठ मीटरवर जाते, आणि मग मोफत म्हणून घेतलेल्या कामाचं बिल हजारांत येतं. ग्राहक चिडतो, आणि तो बरोबर असतो.

याबद्दल कायद्यानेही बोलून ठेवलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या आधाराने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ज्या गोष्टीसाठी ग्राहकाला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू घरी आणण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही मोजावं लागतं, तिला मोफत म्हणू नये, असं त्यांत आहे. अटी ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत द्याव्यात, असंही आहे. म्हणजे मराठीत ‘मोफत’ आणि इंग्रजीत ‘अटी लागू’ हा जुना रिवाज इथे चालणार नाही.

मग शीर्षकातून ‘मोफत’ काढलं आणि अट वर्णनात मांडली:

बसवण्याचे शुल्क नाही. ३ मीटर तांब्याची नळी सोबत. जास्त नळी व स्टँडचे पैसे वेगळे.

८० घरं. नव्वदात खरं सांगायला पुरेशी जागा आहे, हे मालकाला ही ओळ पाहून पटलं. त्याला भीती होती की ‘पैसे वेगळे’ वाचून लोक पळतील. काही पळतीलही. पण पळणारे पैसे न लागता पळाले. या जाहिरातीत दिसण्याचे पैसे नसतात, त्यावर बोट ठेवण्याचे असतात. समजा एका स्पर्शाला २० रुपये जातात. शंभर माणसं आत आली तर दोन हजार गेले. त्यातल्या तीसजणांना दुकानात स्टँडचे पैसे ऐकूनच परतायचं असेल, तर ते सहाशे रुपये त्या एका वाक्याने वाचले. वर्णनाचं काम नुसतं बोलावणं एवढं नाही. ज्याला आपल्याकडे हवं ते मिळणार नाही, त्याला दारातच सांगणं हेही आहे.

महत्त्वाची अट नेहमी दिसेल याची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. दिलेलं प्रत्येक वर्णन दिसेलच असं नाही, दुसरं वर्णन पुष्कळदा गाळलं जातं. त्यासाठी ‘पिन’ करण्याची सोय आहे: अमुक ओळ अमुक जागीच दाखवा, असं ठरवून देता येतं. नव्वद घरांतली पहिली जागा मी या ओळीसाठी राखून ठेवते:

१.५ टन, ३ स्टार स्प्लिट एसी ₹३६,९९० पासून. जीएसटी धरून. स्टॉक ४० नग. सेल १९ मार्चपर्यंत.

८८ घरं. वस्तू, किंमत, कर, किती नग, कधीपर्यंत. ‘जीएसटी धरून’ हे शब्द मुद्दाम आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून लिहिलेल्या किमतीत कर धरला आहे की नाही, हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. तिसऱ्या शीर्षकाच्या किंवा दुसऱ्या वर्णनाच्या जागी पिन केलेली ओळ दिसण्याची खात्री नसते, म्हणून अट पहिल्याच वर्णनात. पिन जास्त लावले की यंत्रणेला जुळवाजुळव करायला वाव राहत नाही आणि तो काटा पुन्हा खाली येतो. म्हणून मी एकच लावते.

स्टारबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण उन्हाळ्याच्या तोंडावरच्या सेलमध्ये गेल्या हंगामात उरलेला माल असतो. एसीवरचे स्टार हे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो देतो, आणि स्टारची पायरी अधूनमधून वर सरकते. जुलै २०२२ मध्ये निकष बदलले तेव्हा आदल्या दिवसापर्यंत ५ स्टार असलेली यंत्रं ४ स्टारची झाली. यंत्र तेच, वीज तेवढीच, तारा एक कमी. म्हणून लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो. शीर्षकात नुसतं ‘५ स्टार एसी’ लिहिलं आणि लेबल मागच्या कालावधीचं असेल, तर ग्राहक नव्या ५ स्टारशी तुलना करून स्वस्त मिळालं असं समजेल. ‘२०२५ लेबल, ५ स्टार एसी’ हे २२ घरांत बसतं. जागा नव्हती असं म्हणायची सोयच राहत नाही.

जाहिरात सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक अहवाल उघडायचा असतो: लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं तेव्हा आपली ओळ दिसली, त्याची यादी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. ‘एसी’ हा शब्द फार ठिकाणी राहतो. एसी दुरुस्ती, एसी गॅस भरणे, एसी भाड्याने, जुना एसी, एसी बस, एसी लोकल. अकोल्याहून मुंबईला जाणारा कुणीतरी लोकलचं वेळापत्रक शोधत असतो आणि त्याला दीड टनाचा स्प्लिट दिसतो. ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये त्यांची यादी देता येते. ती द्यायचीच, आणि देवनागरी व रोमन दोन्ही लिपींत द्यायची, कारण माणसं दुरुस्ती असंही लिहितात, `ac repair` असंही. पण थोडं काम शीर्षकाकडूनही करून घेता येतं. त्यात टन आणि रुपये असले की गॅस भरायला निघालेला माणूस स्वतःहून पुढे जातो. ‘उन्हाळा होईल सुखाचा’ अशा शीर्षकाने तो थांबतो, कारण त्यालाही उन्हाळा सुखाचाच हवा असतो.

लिपीवरून आणखी एक. रोमनमध्ये शोधणाऱ्यांसाठी जाहिरातीचा वेगळा गट करून तीच शीर्षकं इंग्रजीत लिहावी लागतात. ‘१.५ टन एसी ₹३६,९९० पासून’ मराठीत २४ घरांचं आहे, इंग्रजीत `1.5 Ton AC From ₹36,990` हे २३ घरांचं. फरक एका घराचा. शब्द नीट निवडले की मराठीची अडचण एवढीशीच उरते.

लिहिण्याचे काही बारीक नियम आहेत, ते मोडले तर ओळ परत येते. शीर्षकात उद्गारचिन्ह चालत नाही. मजकुरात फोन नंबर घालता येत नाही, त्याला वेगळी जागा असते. ‘इथे क्लिक करा’ चालत नाही. ‘अकोल्यात क्रमांक एक’ म्हणायचं तर दुसऱ्या कुणा त्रयस्थाचा पुरावा पानावर हवा. बदललेली प्रत्येक ओळ पुन्हा तपासणीला जाते आणि त्याला एखादा कामाचा दिवस लागू शकतो. त्यामुळे पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी शीर्षक बदलू असं ठरवलं, तर नवं शीर्षक पाडवा उलटल्यावर उजाडण्याची शक्यता असते.

याचसाठी शेवट सुरुवातीलाच ठरवायचा. ‘सेल १९ मार्चपर्यंतच’ या १९ घरांच्या शीर्षकाबरोबर मोहिमेची अखेरची तारीखही १९ मार्च अशी भरून ठेवायची. ती भरायची राहिली तर २० तारखेच्या सकाळी, गुढ्या उतरवून झाल्यावरही, ती ओळ लोकांना संपलेल्या सेलला बोलावत राहते.

आणि माल तारखेआधीच संपला तर? चाळीस नगांचा सेल पाडव्याची वाट पाहत नाही. १४ मार्चला मालकाने गोदामात पाहिलं, ₹३६,९९० चे तीन एसी उरले होते. ज्या किमतीला वस्तू देता येण्याची वाजवी शक्यता नाही ती किंमत दाखवून लोकांना बोलावणं, याला त्याच २०२२ च्या तत्त्वांत आमिष दाखवणारी जाहिरात म्हटलं आहे. त्याला वाटत होतं, राहू दे, लोक येतील तर दुसरं काही घेतील. आम्ही त्या दुपारी दीड टनाची शीर्षकं आणि ती पिन केलेली ओळ थांबवली आणि आधीच तपासून, मंजूर करून बाजूला ठेवलेला दुसरा गट सुरू केला. त्याचं पहिलं शीर्षक होतं ‘१ टन एसी ₹३१,९९० पासून’. २२ घरं. गोदामात त्याचे एकोणीस नग होते, आणि वर्णनात तसंच लिहिलं होतं.